वजन ‘नॉर्मल’, नाडी मात्र ४४ : मुलग्यांमधला इटिंग डिसऑर्डर नजरेतून का सुटतो?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा. वय १८, उंची १७४ सेंटिमीटर, वजन ८८ किलो. कॉलेजात मित्र ‘जाड्या’ म्हणून हाक मारायचे. डिसेंबरात त्याने जिम लावली, मोबाइलवर कॅलरी मोजणारं ॲप घेतलं आणि दिवसाला १६०० कॅलरींचं टार्गेट ठरवलं. आधी साखर सुटली, मग भात, मग पोळीवरचं तूप. जूनअखेर तो ६५ किलोंवर आला. नातेवाइकांनी कौतुक केलं. ‘काय जिद्द आहे पोराची’ म्हणत शेजारच्या काकांनी आपल्या मुलाला त्याचं उदाहरण दिलं.

जुलैत तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. फॅमिली डॉक्टरांनी वजन घेतलं, रक्त तपासलं. बीएमआय २१.५, म्हणजे अगदी मधोमध नॉर्मल. हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक. नाडी ४४ होती, पण ‘रोज पळतोस ना, खेळाडूंची नाडी कमीच असते’ असं म्हणून त्यांनी त्याला मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं आणि घरी पाठवलं.

हा कुणी एक मुलगा नाही. या आजारात जे नेहमी दिसतं ते एकत्र करून मांडलेलं हे उदाहरण आहे. या मुलाला ॲनोरेक्सिया आहे, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार. आणि तो घरात, जिममध्ये, दवाखान्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आहे. तरी तो कुणाला का दिसला नाही, हे समजून घेऊ.

हा ‘मुलींचा आजार’ आहे का?

ॲनोरेक्सिया म्हटलं की हाडं दिसणारी, आरशासमोर उभी असलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर येते. पण या आजाराच्या सर्वात जुन्या वैद्यकीय वर्णनांतच एक मुलगा आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयावरच्या ग्रंथात दोन वेगळे रुग्ण नोंदवले. दोघंही कोणताही ताप वा खोकला नसताना वाळत चालले होते. एक १८ वर्षांची तरुणी, दुसरा एका धर्मोपदेशकाचा १६ वर्षांचा मुलगा. मुलाच्या आजाराचं कारण मॉर्टन यांना अतिअभ्यास आणि मनाची खळबळ वाटलं. त्यांनी त्याला पुस्तकं बाजूला ठेवून मोकळ्या हवेत जायला, घोडेस्वारी करायला आणि दूध प्यायला सांगितलं. आजही असा मुलगा दवाखान्यात आला, तर ‘अभ्यासाचं टेन्शन असेल’ हेच पहिलं उत्तर असतं.

पूर्वी दवाखान्यांतल्या नोंदींवरून दहा रुग्णांमागे एक पुरुष असं मानलं जायचं. पण दवाखान्यात न पोहोचलेल्यांचं काय? अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात संशोधकांनी लोकांना थेट घरी जाऊन विचारलं. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के होत्या आणि पुरुष ०.३ टक्के. बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी, उपास किंवा व्यायामाने ‘फेडण्याचा’ आजार, स्त्रियांत १.५ आणि पुरुषांत ०.५ टक्के होता. म्हणजे या दोन्ही आजारांत चारांमागे एक पुरुष. ताबा सुटून खाण्याच्या, म्हणजे बिंज इटिंगच्या आजारात तर तीनांमागे एकाहून जास्त पुरुष होते. मुलगे आजारी पडत नव्हते असं नाही, ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचत नव्हते.

तपासणीची चाळणीच वेगळ्या मापाची

पहिली अडचण निदानाच्या निकषांत होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका जगभर वापरली जाते. २०१३ पर्यंत तिच्यात ॲनोरेक्सियाच्या निकषांमध्ये मासिक पाळी सलग तीन वेळा चुकणं हा एक निकष होता. मुलग्यांना तो अर्थातच लागू नव्हता. पण शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात त्यामुळे रुग्णाचं एकच चित्र पक्कं झालं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा निकष काढला गेला.

दुसरी अडचण प्रश्नावल्यांची आहे. ‘स्कॉफ’ नावाची पाच प्रश्नांची छोटी चाचणी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाली. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत साधारण सहा किलोंपेक्षा जास्त वजन घटलं का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का, आणि अन्नाने तुमचं आयुष्य व्यापलंय का, असे ते प्रश्न. ही चाचणी मुळात स्त्रियांवर तपासून पाहिली गेली होती.

आता आपल्या उदाहरणातल्या मुलाला हे प्रश्न विचारा. उलटी? कधीच नाही, तो जास्त खाल्लं तर रात्री दहा किलोमीटर पळतो. ताबा सुटतो का? नाही, उलट माझा ताबा जबरदस्त आहे. सहा किलो? ते हळूहळू कमी केले, जिमच्या प्लॅनप्रमाणे. स्वतःला जाड समजतोस? जाड नाही, पण पोटावर अजून थोडी चरबी आहे, ॲब्ज दिसत नाहीत. अन्नाने आयुष्य व्यापलंय? छे, मी फिटनेसबद्दल सीरियस आहे. तो खोटं बोलत नाहीये. प्रश्न ‘बारीक व्हायचंय का’ या भाषेत आहेत आणि त्याचा आजार ‘कट दिसायचंय’ या भाषेत बोलतोय.

वजन घटवायचं नाही, वाढवायचं असेल तरी?

हाच आजार उलट्या दिशेनेही जातो. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ पुरुष बॉडीबिल्डर्सचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या नऊ जणांना पिळदार शरीर असूनही आपण किडकिडीत दिसतो असं वाटत होतं. पोप यांनी याला आधी ‘उलटा ॲनोरेक्सिया’ म्हटलं, १९९७ मध्ये त्याचं ‘मसल डिसमॉर्फिया’ असं नामकरण झालं. आजच्या वर्गीकरणात तो इटिंग डिसऑर्डरमध्ये मोजला जात नाही, शरीराच्या दिसण्याबद्दल भ्रामक खंत वाटण्याच्या आजारात येतो. पण रोजच्या जगण्यात तो ताटाभोवतीच फिरतो.

असा मुलगा उपाशी राहत नाही. तो दर अडीच तासांनी मोबाइलचा गजर लावून खातो, भूक असो वा नसो. लग्नात जेवत नाही, कारण तिथल्या पनीरचं वजन करता येत नाही. डबा सोबत नसेल तर ट्रिपला येत नाही. दंड चांगले भरलेले असूनही उन्हाळ्यात ढगळ हुडी घालतो, कारण ‘अजून साइझ नाही’. यातले काही जण पुढे स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतात. आणि अनेक जण वर्षभर दोन टोकांमध्ये झुलतात. आधी ‘बल्किंग’, म्हणजे वजन वाढवणं, मग ‘कटिंग’, म्हणजे चरबी उतरवणं. आठवड्यातून एकदा ‘चीट डे’. त्या दिवशी दोन मोठे पिझ्झा आणि आइस्क्रीमचा फॅमिली पॅक संपवून दुसऱ्या दिवशी उपास आणि दुप्पट कार्डिओ होत असेल, तर दवाखान्यात त्याला चीट डे म्हणत नाहीत. ते बुलिमियाचं चक्र असू शकतं.

चीट डे करणारा किंवा प्रोटीन मोजणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हे इथे स्पष्ट करायला हवं. फरक कळतो तो नियम मोडल्यावर. एक दिवस जिम चुकली तर साध्या हौशी माणसाला वाईट वाटतं आणि तो विसरून जातो. आजारी मुलगा त्या दिवशी जेवत नाही, चिडतो, रात्री झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी ताप असला तरी जातो.

उपाशी मेंदू काय करतो? ३६ पुरुषांचा प्रयोग

‘मग त्याला सांगा ना, बस झालं, आता खा.’ घरात हेच म्हटलं जातं. ते का चालत नाही, याचं उत्तर देणारा सर्वात महत्त्वाचा प्रयोग पुरुषांवरच झाला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लाखो लोक उपासमारीत होते. त्यांना पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातले अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवक घेतले. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण शरीराने आणि मनाने ठणठणीत होते, तशी चाचणी करूनच त्यांना निवडलं होतं. पहिले तीन महिने त्यांना दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी मिळाल्या. मग २४ आठवडे ते प्रमाण साधारण निम्म्यावर, सुमारे १५७० कॅलरींवर आणलं. सोबत आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचं वजन सरासरी चतुर्थांश घटलं.

पुढे जे झालं ते कीज यांनी १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलं. या पुरुषांना ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. नाडी मंदावली. लैंगिक इच्छा जवळजवळ संपली. ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेका घासावर वेळ काढत, अन्नात पाणी मिसळून ते वाढवत, ताट चाटूनपुसून ते जेवण तासन्‌तास लांबवू लागले. उपासमार संपल्यावर काही जण पोट दुखेपर्यंत खात राहिले आणि तरी भूक भागल्याचं त्यांना कळत नव्हतं.

यांपैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. कुणाला आरशाची भीती नव्हती. केवळ निम्म्या अन्नामुळे निरोगी पुरुषांची मनं अशी झाली.

आता आपल्या मुलाकडे पुन्हा पाहा. टार्गेट १६०० कॅलरी, रोज दोन तास व्यायाम, ८८ वरून ६५, म्हणजे २६ टक्के वजन गेलं. त्याने घरीच, ॲपच्या शाबासक्या घेत, मिनेसोटाचा प्रयोग पूर्ण केला. आईला आठवतंय की मे महिन्यात तो पंखा बंद करायला सांगायचा. रात्री दोनपर्यंत तो बिर्याणी आणि केकच्या रील्स पाहायचा, पण सकाळी फोडणीत तेल जास्त पडलं म्हणून ताट सरकवायचा. घरच्यांसाठी पास्ता करायचा, स्वतः चाखायचाही नाही. घरच्यांना हे विचित्र वाटलं, पण आजार वाटला नाही. मिनेसोटाची वही त्यांच्यासमोर असती, तर ओळ न ओळ जुळली असती.

उपासमारीने मेंदूचा विचार आणखी ताठर होतो, आणि ताठर विचार पुन्हा कमी खायला लावतो. हे चक्र इच्छाशक्तीच्या जोरावर सुरू झालेलं असलं, तरी इच्छाशक्तीच्या जोरावर तुटत नाही. म्हणून ‘बस झालं, खा’ हे पुरेसं ठरत नाही.

वजन नॉर्मल असेल तर धोका कसला?

इथे सर्वात जास्त चूक होते. बीएमआय आजचं वजन सांगतो, ते कुठून आलं हे सांगत नाही. ८८ किलोंना सरावलेल्या शरीरासाठी सात महिन्यांत २३ किलो जाणं ही उपासमारच आहे, मग काटा नॉर्मल का दाखवेना. अशा अवस्थेला डॉक्टर ‘ॲटिपिकल ॲनोरेक्सिया’ म्हणतात. या रुग्णांचं वजन ठीक दिसत असलं तरी नाडी, रक्तदाब आणि क्षार धोकादायक पातळीला जाऊ शकतात. किती वजन गेलं आणि किती वेगाने गेलं, हे आजच्या वजनाइतकंच महत्त्वाचं असतं.

मुलग्यांमध्ये हे जास्त का सुटतं? कारण अनेक मुलगे आजारी पडण्याआधी खरोखरच जाड असतात. त्यांना वजन कमी करायचा सल्ला मिळालेला असतो आणि तो सल्ला चुकीचाही नसतो. पण तो कुठे थांबवायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. पाळी चुकण्यासारखी ठळक खूणही त्यांच्याकडे नाही. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन घटतं. सकाळी येणारा ताठरपणा बंद होतो, इच्छा उरत नाही, हाडं ठिसूळ होऊ लागतात. पण १८ वर्षांचा मुलगा हे आईला सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या ऊर्जेच्या तुटवड्याची व्याख्या बदलून तीत पुरुषांनाही धरलं. तोवर या विषयाचं नावच ‘महिला खेळाडूंचं त्रिकूट’ असं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी काय वेगळं केलं?

आपल्या मुलाला चक्कर पुन्हा आली. या वेळी मावशीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजच्या वजनाआधी एक प्रश्न विचारला : तुझं आजवरचं सर्वात जास्त वजन किती आणि कधी होतं? आकडा ऐकून त्यांनी त्याला पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि नाडी मोजली. ४४. मग उभं केलं आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजली. ८२.

हा ३८ ठोक्यांचा फरक म्हणजे खेळाडूचं दमदार हृदय नव्हे. तंदुरुस्त खेळाडूची नाडी उभं राहिल्यावर थोडी वाढते आणि तो डोळ्यांपुढे अंधारी न येता उभा राहतो. इथे उपाशी शरीराने ऊर्जा वाचवण्यासाठी हृदयाचा वेग उतरवला होता आणि उभं राहताच त्याची तारांबळ उडत होती. किशोरवयीन रुग्णाची जागेपणीची नाडी ५० च्या खाली गेली, तर रुग्णालयात भरती करण्याचा विचार करावा, असं तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यांनी ईसीजी काढला, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि टेस्टोस्टेरॉन तपासायला पाठवलं. नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आजार नाही असं ठरत नाही, हेही घरच्यांना सांगितलं. शरीर शेवटपर्यंत रक्तातलं प्रमाण सांभाळत राहतं.

मग त्यांनी आईला बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलणं केलं. ‘तू बारीक व्हायचा प्रयत्न करतोस का’ असं विचारलं नाही. ‘जिमचा दिवस बुडला तर काय होतं? शेवटचं मित्रांबरोबर बाहेर कधी जेवलास? दिवसातला किती वेळ खाण्याचा हिशोब डोक्यात चालतो?’ असं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘झोपेतसुद्धा.’

उपचार कसे होतात?

घरी नेऊन त्याला श्रीखंड-पुरी खाऊ घालावी, असं कुणालाही वाटेल. तेच टाळायचं असतं. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट पेशींत खेचलं जातं आणि त्याची पातळी कोसळते. हृदय आणि श्वास यांवर त्याचा परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. याला ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. म्हणून पहिले काही दिवस रक्ताच्या वारंवार चाचण्या घेत, आहार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. नाडी सुधारेपर्यंत जिम आणि पळणं पूर्ण बंद.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून काम करतात. किशोरवयीनांसाठी सर्वात जास्त अभ्यासली गेलेली पद्धत कुटुंबाला सोबत घेणारी आहे. तिची सुरुवात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात झाली. यात काही काळ काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, वाढतात आणि सोबत बसून जेवतात. ॲप फोनमधून जातं, वजनकाटा कपाटात जातो. वजन सावरलं की खाण्याचा ताबा हळूहळू मुलाकडे परत दिला जातो. मनातल्या मूळ गाठींवर बोलणं त्यानंतर नीट होऊ शकतं, कारण उपाशी मेंदूशी वाद घालून फार काही हाती लागत नाही.

किती वजनाला थांबायचं, हा मुलग्यांच्या बाबतीत अवघड प्रश्न आहे. तक्त्यातला ‘नॉर्मल’ आकडा पुरेसा नसतो. लहानपणापासूनची वाढ, नाडी, टेस्टोस्टेरॉन, ताकद आणि डोक्यातला हिशोब थांबला का, हे सगळं पाहून ठरवावं लागतं. या मुलाच्या शरीराला ६५ पुरत नव्हते, आणि त्याला पुन्हा ८८ वर नेण्याचीही गरज नव्हती. शिवाय उपचारांचे बहुतेक अभ्यास मुलींवर झालेत, त्यामुळे मुलग्यांसाठी डॉक्टरांना थोडं चाचपडतच जावं लागतं.

घरी काय पाहायचं?

‘बारीक दिसतोय का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा. सहा-आठ महिन्यांत किती वजन गेलं? उकाड्यातही थंडी वाजणं, उभं राहताना अंधारी येणं असं काही होतं का? आणि एखादा नियम मोडला, म्हणजे तेल जास्त पडलं, व्यायाम बुडला, अचानक बाहेर जेवायचं ठरलं, तर तो कसा वागतो? तिन्हींचं उत्तर काळजीचं असेल तर डॉक्टरांकडे जाताना जुना फोटो आणि जुनं वजन सोबत न्या आणि झोपून व उभं राहून नाडी मोजायला सांगा. शुद्ध हरपली, छातीत धडधडलं किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर वाट पाहू नका. कुणाशी बोलायचं हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी लग्नकार्यात एखाद्या मुलाचं झपाट्याने उतरलेलं वजन दिसलं, तर ‘वा, काय बॉडी केलीस’ म्हणण्याआधी त्याला पानावर बसवा आणि तो जेवतो का, एवढं पाहा.